कळसूबाईवर मोबाइलने ८० मीटर कुठे हरवले?

मागच्या ऑक्टोबरात भाच्याला घेऊन कळसूबाईला गेलो होतो, दादरहून पहाटेची कसारा लोकल, पुढे जीपने बारी गाव आणि मग त्या लोखंडी शिड्या. वर देवीच्या देवळापाशी टेकलो तर भाच्याने मोबाइल काढला, त्याच्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे आणि त्यावरून उंची दाखवणारं ॲप. ॲप म्हणे १५६५ मीटर. शिखराची उंची १६४६ हे शाळेपासून पाठ. "मामा, पुस्तकातलं चुकलंय," असं पोराने जाहीर करून टाकलं.

चुकलं कोणीच नव्हतं खरं तर. हवेचा दाब बरोबर मोजला होता, ८३६ हेक्टोपास्कल. त्याच वेळी गिरगावात आमच्या तळमजल्यावरच्या घरी ताईने तिच्या फोनवर बघून कळवलं की इथे १०१० आहे आणि बाहेर ३० डिग्री गरम होतंय. आम्ही ते १०१० ॲपमध्ये टाकलं पण होतं. गडबड झाली ती दाबावरून उंची काढताना, आणि तिचं कारण हवेचं तापमान.

आता बघा, कुठल्याही जागी हवेचा दाब म्हणजे तिथून वर जेवढी हवा आहे तिचं वजन. गिरगावातून वर निघालो की पहिल्या पावणेनऊ मीटरला साधारण १ हेक्टोपास्कल कमी होतो, कारण तेवढी हवा आता आपल्या खाली गेली. पण वर वर जाताना हवा विरळ होते, म्हणजे तेवढ्याच उंचीच्या थरात वजन कमी, त्यामुळे कळसूबाईच्या माथ्याजवळ तोच १ हेक्टोपास्कल कमी व्हायला १० मीटरपेक्षा थोडं जास्त चढावं लागतं. हवेचं तापमान सगळीकडे सारखं असतं तर गणित सोपं होतं, ठरावीक उंचीला दाब ठरावीक टक्के कमी, चक्रवाढ व्याज उलटं लावल्यासारखं.

पण वर गार असतं ना. सरासरी धरली तर दर किलोमीटरला साडेसहा डिग्रीने तापमान उतरतं. गार हवा त्याच दाबाला जास्त दाटीने बसते, म्हणून तिच्या थराचं वजन जास्त, म्हणून दाब थोडा भराभर कमी होतो. म्हणजे दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात, दाब कमी म्हणून हवा विरळ आणि गार म्हणून हवा दाट, त्यात विरळपणा जिंकतो पण गारवा त्याला थोडा मागे खेचतो. तापमान सरळ रेषेत उतरतं असं धरून सगळ्या थरांची बेरीज केली की हे सूत्र मिळतं:

```
p = p0 * (1 - L*h/T0)^5.256
```

p0 म्हणजे समुद्रसपाटीचा दाब, T0 तिथलं तापमान पण केल्व्हिनमध्ये, म्हणजे डिग्रीत २७३ मिळवायचे. L ०.००६५, दर मीटरला उतरणारं तापमान, आणि h उंची मीटरमध्ये. कंसातला आकडा म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, वरचं तापमान भागिले खालचं तापमान. ५.२५६ हा घातांक गुरुत्वाकर्षण, हवेचा रेणुभार आणि साडेसहाचा उतार यातून येतो, उतार बदलला की तोही बदलतो.

आमचे आकडे घाला. खाली ३०३ केल्व्हिन. १६४६ मीटरवर १०.७ डिग्री कमी, म्हणजे २९२.३. भागाकार ०.९६४७, त्याचा ५.२५६ वा घात ०.८२८, गुणिले १०१०, आले ८३६. फोनने जे मोजलं तेच. तापमान सगळीकडे ३० डिग्रीच धरलं असतं तर ८३९ आले असते. फरक तीनाचाच, पण तिथे ३ हेक्टोपास्कल म्हणजे ३० मीटर झाले.

मग ॲपचं काय चुकलं? त्याने T0 ताईकडून विचारून घेतला नाही. बहुतेक अशी ॲप्स प्रमाण वातावरण वापरतात, त्यात समुद्रसपाटीला १५ डिग्री ठरलेलं असतं, म्हणजे २८८ केल्व्हिन. मुंबईत १५ डिग्री म्हणजे लोक स्वेटर, कानटोपी आणि शेकोटीचे फोटो टाकतात! गरम हवा फुगलेली असते, तेवढाच दाब कमी व्हायला जास्त उंची लागते, आणि ॲप मात्र आपल्या मनातल्या गार, दबलेल्या हवेने मोजत बसतं. उतार तोच धरला तर हिशोब एकदम सरळ निघतो: ॲपची उंची म्हणजे खरी उंची गुणिले २८८ भागिले ३०३. १६४६ चे १५६५. पाच टक्के गायब.

भाच्याला तिथेच बसून दुसरी पद्धत करून दाखवली. वरचं तापमान मोजा, आमच्याकडे सावलीत १९ होतं, खालचं ३०, सरासरी साडेचोवीस, म्हणजे २९७.५ केल्व्हिन. त्याला २९.२७ ने गुणा, हा ठरलेला आकडाही गुरुत्वाकर्षण आणि हवेच्या रेणुभारातूनच येतो, मग १०१० भागिले ८३६ चा नॅचरल लॉग काढून त्याने गुणा. आले १६४६ च्या आसपास. एवढ्या उंचीला ही सरासरीची युक्ती मूळ सूत्राइतकीच चालते, फक्त मधलं तापमान खरंच सरळ रेषेत उतरत असायला हवं.

आणि ते नेहमी उतरत नाही हीच अडचण. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मुंबईत जमिनीलगतची हवा गार आणि थोडं वर गरम असा उलटा प्रकार होतो, धुरकट पट्टा इमारतींच्या मध्यावर अडकून बसलेला दिसतो तो त्यामुळेच. अशा वेळी खालचं तापमान घेऊन सूत्रात टाकलं तर ते वरच्या सगळ्या हवेला उगाच गार समजतं. शिवाय आपल्या भागात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते, सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, फरक २-३ हेक्टोपास्कल. म्हणजे सकाळी घरी आकडा बघून दुपारी शिखरावर मोजलंत तर डोंगर आपोआप २०-३० मीटर उंच होतो. ताईला त्याच वेळी बघायला सांगितलं ते ह्यासाठी. (ती वैतागली होती, कुकर लावलेला होता.)

हाच १५ डिग्रीचा घोळ एव्हरेस्टवर फार मोठा होता. प्रमाण वातावरणाचं सूत्र ८८४९ मीटरला ३१४ हेक्टोपास्कल देतं, म्हणजे पाऱ्याचे २३६ मिलिमीटर. ऑक्टोबर १९८१ मध्ये अमेरिकन वैद्यकीय मोहिमेतल्या ख्रिस पिझोने शिखरावर प्रत्यक्ष बॅरोमीटरने मोजलं तर २५३ मिलिमीटर आले, ३३७ हेक्टोपास्कल. प्रमाण वातावरण हे मध्यम अक्षांशांच्या सरासरीवर बेतलेलं, आणि एव्हरेस्ट तर २८ अंशांवर, दिल्लीपेक्षाही किंचित दक्षिणेला. तिथल्या हवेचा स्तंभ जास्त गरम, जास्त फुगलेला, म्हणून त्या उंचीच्या वर जास्त हवा शिल्लक. त्या उंचीला माणूस सहनशक्तीच्या अगदी टोकावर असतो, १७ मिलिमीटर जास्त म्हणजे श्वासाला त्या प्रमाणात जास्त ऑक्सिजन. १९७८ ला मेसनर आणि हाबेलर सिलिंडरशिवाय वर गेले त्यात ह्या गरम हवेचाही वाटा आहे.

उतरताना बारीच्या टपरीवर चहा घेता घेता भाच्याने गंमत म्हणून गिरगावचे आकडे घालून एव्हरेस्टचा दाब काढला, १०१० आणि ३० डिग्री. आले ३३४. इतकं जवळ येणं हा थोडा योगायोग आहे, तिथला स्तंभ काही गिरगावचा नाही, पण १५ डिग्रीवाल्या ३१४ पेक्षा बरं हे तो घरी पोचेपर्यंत ऐकवत होता.