प्रकाशनपूर्व नोंदणीचे निवेदन

पुस्तक छापून होण्याआधी वाचकांकडून सवलतीच्या किमतीत मागणी आणि पैसे घेताना प्रकाशक जो मजकूर प्रसृत करतो, तो. प्रकाशनपूर्व सवलतीची ही पद्धत मराठी ग्रंथव्यवहारात जुनी आहे. पूर्वी ती पत्रके आणि वर्तमानपत्रांतून चाले, आता बरीचशी व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. ‘त्वरा करा, मोजक्याच प्रती शिल्लक’ हे तिचे ठरलेले वाक्य. ते खरे असू शकते, पण खरे असण्यासाठी काम छापखान्यात आणि बाइंडरकडे करावे लागते, आणि तेही मजकूर लिहिण्याच्या आधी.

मुदतीची तारीख उलट मोजून निघते. समजा, ३२० पानांचे, म्हणजे सोळा पानी २० फर्म्यांचे पुस्तक १ डिसेंबरला प्रकाशित व्हायचे आहे आणि प्रती २४ नोव्हेंबरला हातात हव्यात. बाइंडर पुठ्ठा बांधणीला १२ दिवस मागतो, म्हणून छापील फर्मे १२ नोव्हेंबरला त्याच्याकडे पोचले पाहिजेत. छपाईला ६ दिवस धरले तर यंत्र ६ तारखेला सुरू व्हावे लागते. कागद आणायला ४ दिवस लागतात, त्यामुळे किती प्रती छापायच्या हा आकडा २ नोव्हेंबरला पक्का करावा लागतो. जमा झालेले पैसे आणि नावे जुळवायला दोन दिवस सोडले की ३१ ऑक्टोबर उरतो. ही तारीख कोणी मनाने ठरवलेली नाही, म्हणून ती कारणासकट सांगता येते: ‘नोंदणी ३१ ऑक्टोबरला रात्री १२ वाजता बंद होईल. त्यानंतर आम्ही कागदाची मागणी देतो. पुस्तक पुढेही दुकानात मिळेल, पण ४२० ऐवजी ६०० रुपयांना.’ यातले शेवटचे वाक्य बहुतेक जण गाळतात. मुदत चुकली तर नेमके काय हुकेल आणि काय हुकणार नाही, हे मात्र तेच वाक्य सांगते.

मर्यादित प्रतींचे गणित वेगळे असते. त्याच पुस्तकाची कापडी बांधणीची, लेखकाच्या सहीची, क्रमांकित आवृत्ती काढायची आहे. बाइंडरकडे हव्या रंगाचे कापड २५ मीटर आहे, पन्हा ३८ इंच. एका प्रतीला सुमारे १४ × १०.५ इंचांचा तुकडा लागतो. पन्ह्यात तीन तुकडे आणि लांबीत ७० ओळी बसतात, म्हणजे एकूण २१०. दहा तुकडे खराब होतील असे धरले की २०० प्रती उरतात. दुसरे कापड आणून ३०० प्रती काढता येतीलच, त्यामुळे ‘याहून जास्त निघणे अशक्य’ असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ‘या कापडात २०० प्रती बसतात आणि आम्ही तेवढ्याच काढणार आहोत’ हे खरे आहे. मर्यादा स्वतः घातलेली असली तरी चालते, फक्त ती पुढे पाळावी लागते. २०१ क्रमांकाची प्रत निघाली की आधीच्या दोनशे ग्राहकांना दिलेला शब्द मोडला.

शिल्लक प्रतींचा आकडा नोंदवहीतून घ्यायचा असतो, आणि तोही पैसे जमा झालेल्या मागण्यांचा. ‘माझी एक ठेवा’ म्हणणारे त्यात धरत नाहीत. आकड्याला वेळ जोडलेली बरी: ‘आज सायंकाळी ६ पर्यंत १३७ प्रतींची नोंदणी झाली.’ मुदत संपत आली तरी ४१ च नोंदल्या गेल्या असतील, तर ‘झपाट्याने संपत आहेत’ लिहिण्याची हुक्की येते. अशा वेळी प्रतींचा विषय न काढता तारखेची आठवण द्यावी, कारण ती तरी खरी आहे.

ही पद्धत सर्वांत जास्त बिघडते ती ‘वाचकांच्या आग्रहास्तव मुदतवाढ’ या वाक्याने. आग्रह कोणी केला, हे सहसा कळत नाही. एकदा मुदत वाढली की पुढच्या पुस्तकाच्या वेळी वाचक निवांत बसतो, आणि वेळेत पैसे भरणाऱ्याला आपण उगाच घाई केली असे वाटते. छपाईच लांबली तर मुदत वाढवणे गैर नाही, पण मग कारण, नवी तारीख आणि ‘पैसे परत हवे असल्यास कळवा’ हे तिन्ही आधी पैसे भरलेल्यांना सर्वांत आधी जायला हवे.

कायद्याने या वाक्यांची दखल अलीकडे घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची फसगत करणारे १३ प्रकार दिले आहेत. त्यांत खोटी तातडी हा एक असून, वस्तू आहे त्यापेक्षा कमी असल्याचे सांगणे आणि तिला नसलेली लोकप्रियता दाखवणे ही दोन्ही त्यात येतात.

नोंदणी बंद झाल्यावरचा निरोप अनेक जण पाठवतच नाहीत. वरच्या पुस्तकासाठी तो असा होईल: ‘नोंदणी बंद झाली. कापडी आवृत्तीच्या १८४ प्रती गेल्या. उरलेल्या १६ प्रकाशनाच्या दिवशी सभागृहात मिळतील, पूर्ण किमतीला.’