‘दोन वर्षांपासून’ इंग्रजीत कुठे अडतं?

‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स.’ संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवताना हे वाक्य मी बँकेत काम करणाऱ्यांकडून ऐकलं आहे, परिचारिकांकडून ऐकलं आहे आणि चार वर्षं इंग्रजीतून इंजिनिअरिंग शिकलेल्या मुलांकडूनही. इतकी वेगवेगळी माणसं नेमक्या त्याच जागी ‘फॉर’ऐवजी ‘सिन्स’ म्हणून चुकतात, तेव्हा दोष निष्काळजीपणाचा नसतो. त्या वाक्यामागे मराठीचा एक नियम काम करत असतो, आणि मराठीत तो नियम अगदी बरोबर आहे.

आपण म्हणतो, ‘सोमवारपासून ताप आहे’. आपण असंही म्हणतो, ‘तीन दिवसांपासून ताप आहे’. दोन्हीकडे ‘पासून’ आहे, पण त्याच्या आधी येणाऱ्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. सोमवार ही कॅलेंडरावर बोट ठेवून दाखवता येणारी जागा आहे. तीन दिवस ही नुसती लांबी आहे आणि ती कुठलेही तीन दिवस असू शकते. तरी मराठीला अडचण येत नाही, कारण ती मनातल्या मनात आजपासून तीन दिवस मागे जाते, तिथे खूण करते आणि त्या खुणेला ‘पासून’ लावते. हिंदीचा ‘से’ हेच करतो. जर्मन भाषेतला ‘झाइट’ हा शब्दही सोमवारालाही लागतो आणि तीन दिवसांनाही, म्हणून इंग्रजी शिकणारे जर्मन विद्यार्थी हुबेहूब आपल्यासारखं चुकतात.

इंग्रजी ते मागे जाणं स्वतःहून करत नाही. का, ते ‘सिन्स’च्या घडणीत दिसतं. जुन्या इंग्रजीतल्या ‘सिथ्थन’ या शब्दापासून तो आला. त्याचा अर्थ ‘त्यानंतर’. पुढे तो ‘सिथेन’ झाला, त्याला शेवटी एक ‘स’ चिकटला आणि झिजत झिजत ‘सिन्स’ उरला. ‘त्यानंतर’ म्हटलं की ‘ते’ काहीतरी आधी घडलेलं हवं, म्हणजे एखादा वार, एखादं साल, एखादं लग्न किंवा एखादा अपघात. ‘सिन्स’ला अजूनही असा खुंटा लागतो. ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स 2019’, ‘सिन्स द वेडिंग’ हे सगळे खुंटे आहेत. ‘थ्री डेज’ हा खुंटा नाही, ती दोरीची लांबी आहे, आणि दोरीच्या लांबीसाठी इंग्रजीत ‘फॉर’ आहे. हा ‘फॉर’ इतका हलका आहे की पुष्कळदा गळूनही जातो. ‘आय हॅव बीन हिअर थ्री डेज’ हे इंग्रजीत चालतं, जसं आपल्याकडे ‘मी तीन दिवस इथेच आहे’ चालतं. ‘सिन्स’ मात्र असा गाळता येत नाही.

‘सिन्स’ की ‘फॉर’ अशी रिकामी जागा समोर आली की इंग्रजी नियम आठवत बसण्यापेक्षा मराठीतलीच एक चाचणी मला जास्त भरवशाची वाटते. मराठीत ‘पासून’ दोन्हीकडे लागतं हे खरं, पण दुसरी एक रचना आहे जी फक्त लांबीलाच लागते. ‘ताप येऊन तीन दिवस झाले.’ आता तिथे सोमवार घालून बघा. ‘ताप येऊन सोमवार झाला’ असं कोणी म्हणणार नाही. ‘पुण्यात येऊन दोन वर्षं झाली’ बरोबर, ‘पुण्यात येऊन 2019 झालं’ कानाला खटकतं. जे ‘येऊन अमुक झालं’मध्ये बसतं त्याला ‘फॉर’, जे बसत नाही त्याला ‘सिन्स’. ऑफिसच्या ईमेलांमध्ये सर्रास दिसणारं ‘सिन्स लाँग’ या चाचणीत लगेच पकडलं जातं. ‘येऊन बराच काळ झाला’ हे बसतं, म्हणजे ती लांबी आहे, म्हणून ‘फॉर अ लाँग टाइम’.

गंमत म्हणजे मराठीची ही रचना इंग्रजीतही जवळजवळ तशीच आहे. ‘इट इज टू इयर्स सिन्स आय केम टू पुणे.’ इथे ‘टू इयर्स’ आणि ‘सिन्स’ शेजारी आहेत आणि तरी वाक्य निर्दोष आहे. ‘सिन्स’ इथे दोन वर्षांना लागलेला नाही. त्याच्या पुढे ‘मी पुण्यात आलो’ ही घटना आहे आणि खुंटा ती आहे. म्हणून रिकाम्या जागेच्या डावीकडे काय आहे यावर उत्तर ठरवू नये. उजवीकडे बघावं.

उजवीकडेही पहिल्या शब्दावर थांबून चालत नाही. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वाद ‘लास्ट वीक’वर होतात. एक वाक्य असतं, ‘शी हॅज बीन इल ___ लास्ट वीक’. दुसरं, ‘शी हॅज बीन इल ___ द लास्ट वीक’. फरक फक्त ‘द’चा. पहिल्यातला ‘लास्ट वीक’ म्हणजे मागचा आठवडा, कॅलेंडरावरची आडवी ओळ. ती मागे राहिली, तेव्हापासून आजारपण चालू आहे, म्हणून ‘सिन्स’. दुसऱ्यातला ‘द लास्ट वीक’ म्हणजे आत्तापासून मागे मोजलेले सात दिवस, म्हणजे लांबी, म्हणून ‘फॉर’. मराठीत हा भेद आपण वेगळ्या तऱ्हेने दाखवतो. पहिलं ‘गेल्या आठवड्यापासून’, दुसरं ‘गेला आठवडाभर’. हा ‘भर’ ‘फॉर’चा सख्खा भाऊ आहे. महिनाभर, रात्रभर, तासभर असं काही मनात आलं की लांबी मोजली जाते आहे असं समजावं.

पण ‘द’ दिसला की ‘फॉर’ असा नियम केला की तो पुढच्याच वाक्यात मोडतो. ‘शी हॅज बीन इल ___ द लास्ट वीक ऑफ जून.’ इथे ‘द’ आहे, ‘लास्ट वीक’ही आहे, पण ‘ऑफ जून’ येताच तो आठवडा कॅलेंडरावर खिळला गेला. ‘येऊन जूनचा शेवटचा आठवडा झाला’ असं म्हणता येत नाही. उत्तर ‘सिन्स’. रिकाम्या जागेनंतरचा सगळा गट शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय पेन टेकवू नये, हे मी याच वाक्यावरून सांगतो. आकड्यांचंही तसंच. ‘___ फाइव्ह अवर्स’ला ‘फॉर’, ‘___ फाइव्ह ओक्लॉक’ला ‘सिन्स’. नुसतं ‘आय हॅव बीन अवेक ___ फाइव्ह’ असेल तर तो पाच घड्याळातला असतो, कारण मापाचं एकक सोबत नाही. तिथेही ‘सिन्स’.

आता पहिल्या वाक्यातली दुसरी चूक. ‘सिन्स टू इयर्स’चं ‘फॉर टू इयर्स’ केलं तरी ‘आय ॲम लिव्हिंग’ शिल्लक राहतं. मराठीत ‘राहतो आहे’ हा वर्तमानकाळ पुरतो, जर्मनमध्येही पुरतो. इंग्रजीचा नुसता वर्तमानकाळ मात्र आत्ताच्या क्षणाशी बांधलेला आहे. जी दोरी दोन वर्षांमागे बांधलेली आहे आणि जिचं दुसरं टोक आपल्या हातात आहे, तिच्यासाठी त्या भाषेला परफेक्ट लागतो, म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स’. ‘हॅव लिव्ड’ही चालतं. हातातलं टोक आजचं नसून भूतकाळातल्या एखाद्या क्षणाचं असलं, तर ‘हॅव’चा ‘हॅड’ होतो. ‘बस आली तेव्हा आम्ही दोन तास थांबलो होतो’ याचं ‘वी हॅड बीन वेटिंग फॉर टू अवर्स व्हेन द बस केम’ होतं. तिथे मोजणी बस आल्यापासून मागे होते.

कंटिन्युअस रूप सगळ्या क्रियापदांना झेपत नाही. ‘ओळखणं’ ही स्थिती आहे, चालू असलेली हालचाल नाही, म्हणून ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स’ म्हणायचं, ‘हॅव बीन नोइंग’ नाही. त्याहून अवघड आहेत क्षणात संपणारी क्रियापदं. ‘आय हॅव बॉट धिस सायकल फॉर टू इयर्स’ हे वाक्य एका हुशार मुलाने लिहिलं होतं. ‘फॉर’ बरोबर, परफेक्ट बरोबर, आणि तरी वाक्य चूक, कारण खरेदी दोन वर्षं चालत नाही. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने 1957 मध्ये क्रियापदांची काळानुसार जी वर्गवारी केली, तिच्यात अशा क्षणिक क्रियांचा वेगळा गट आहे आणि ‘फॉर’शी त्यांचं पटत नाही. दोन वर्षं टिकलं ते सायकल जवळ असणं, म्हणून ‘आय हॅव हॅड धिस सायकल फॉर टू इयर्स’. तेच वाक्य नकारार्थी केलं की अडसर दूर होतो. ‘आय हॅवन्ट बॉट अ सायकल फॉर टू इयर्स’ अगदी ठीक आहे, कारण न घेणं दोन वर्षं टिकू शकतं.

क्रियापदाची जागा रिकामी असते तेव्हा ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ आपल्याला सारखी मदत करत नाहीत. काळ सांगणारा ‘सिन्स’ वाक्यात असेल तर मुख्य क्रियापद जवळजवळ नेहमी परफेक्टमध्ये असतं. (‘इट इज टू इयर्स सिन्स’ हा मघाचा अपवाद, आणि ‘कारण’ या अर्थाचा ‘सिन्स’ वेगळाच.) ‘फॉर’ अशी खात्री देत नाही. तो लांबी सांगतो, पण दोरीचं टोक हातात आहे की सुटून गेलं ते सांगत नाही. हे वाक्य घ्या: ‘माय ग्रँडफादर ___ (वर्क) इन अ मिल फॉर थर्टी इयर्स.’ मुलं ‘फॉर’ पाहून लगेच ‘हॅज वर्क्ड’ लिहितात. तेवढ्या वाक्यावरून ते ठरवताच येत नाही. पुढचं वाक्य ‘ही स्टिल गोज देअर एव्हरी मॉर्निंग’ असेल तर ‘हॅज वर्क्ड’ किंवा ‘हॅज बीन वर्किंग’. पुढे ‘देन ही रिटायर्ड अँड वेंट बॅक टू हिज व्हिलेज’ असेल तर नुसतं ‘वर्क्ड’, कारण ती तीस वर्षं गावाची गाडी पकडली त्या दिवशी संपली.