‘खाऊन’चं ‘काऊन’ होऊ नये म्हणून

अंबाजोगाईकडच्या एका जुन्या दगडी वाड्याच्या माजघरात, ऐन मे महिन्यात, एका लघुपटाचा प्रसंग चित्रित झाला. शेताकडे निघालेल्या नातवाला आजी म्हणते, “भाकर खाऊन जाय, बाहेर फुफाटा हाय.” एवढंच वाक्य. ध्वनिमुद्रण साफ करायला माझ्याकडे आलं तेव्हा त्यात आजीच्या आवाजाबरोबर आणखी तीन गोष्टी होत्या. विजेच्या तारेजवळून नेलेल्या माइकच्या केबलमुळे आलेली गुणगुण, म्हणजे हम. चार फूट लांब ठेवलेल्या माइकमुळे दगडी खोलीचा घुमारा. आणि मंद आवाज नंतर वर उचलल्यामुळे उघडी पडलेली इलेक्ट्रॉनिक सरसर, म्हणजे हिस.

ऐकताना हे तिन्ही मिळून ‘खराब आवाज’ असं एकच काहीतरी वाटतं. पण यंत्राला आवाजातून काही वेगळं काढायचं तर नको असलेला आवाज आणि हवा असलेला आवाज यांत कुठला तरी फरक सापडावा लागतो, आणि तो फरक या तिघांच्या बाबतीत अगदी वेगवेगळा आहे. म्हणून तिघांवर उपायही वेगळे, आणि ते करायचा क्रमही ठरलेला.

हमपासून सुरुवात करतात, कारण त्याचा पत्ता ठाऊक असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून मूळ जागी येते. त्यामुळे हम ५० हर्ट्झवर असतो आणि त्याच्या पटींत १००, १५०, २०० असा वर चढत जातो. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे वेळेनुसार कोणत्या कंपनसंख्येत किती ऊर्जा आहे हे दाखवणारं चित्र. त्यात हमच्या सरळ, आडव्या, न हलणाऱ्या रेघा दिसतात. आजीचा आवाज मात्र हलतो. ‘भाकर’च्या ‘भा’वर तो वर जातो, ‘हाय’वर उतरतो. मूळ स्वर साधारण १७० ते २३० हर्ट्झमध्ये फिरतो, म्हणजे २०० हर्ट्झची रेघ त्याच्या वाटेतच येते.

५० हर्ट्झच्या रेघेचं काही अवघड नाही. तिथे आजीच्या आवाजाचं काहीच नसतं, म्हणून ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं तरी चालतं. वरच्या प्रत्येक रेघेवर मात्र नॉच फिल्टर लावावा लागतो, म्हणजे तेवढीच एक अरुंद पट्टी दाबणारा फिल्टर. जितका अरुंद तितका आवाजाला कमी धक्का, असं वाटणं साहजिक आहे. पण निसर्गाचा नियम असा, की कंपनसंख्येत जितका नेमका फिल्टर हवा, तितका तो वेळेत पसरतो. २ हर्ट्झ रुंदीचा नॉच शब्द संपल्यावरही वाजत राहतो, आणि त्याचा हा प्रतिसाद विरायला जवळपास एक सेकंद लागू शकतो. नॉच खोल आणि संख्येने जास्त असतील, तर शब्दामागे बारीक, धातूसारखा झणकार ऐकू येतो. म्हणून रेघ आजूबाजूच्या आवाजाच्या जेवढी वर असेल तेवढीच दाबायची, आणि जिथे ती सरसरीत बुडालेली आहे तिथे हातच लावायचा नाही. या ध्वनिमुद्रणात ६०० हर्ट्झच्या वर नॉच लावायची गरज पडली नाही.

आणखी एक बारकावा. भारतीय ग्रिडची कंपनसंख्या नेमकी ५० नसते. ग्रिडच्या नियमांत तिचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा धरला आहे. समजा त्या दिवशी ती ४९.९४ होती. पहिल्या रेघेवर हा फरक नगण्य आहे, पण बाराव्या पटीला तो बारा पट होतो, आणि रेघ ६०० ऐवजी ५९९.३ वर जाते. अरुंद नॉच तिथे रेघेच्या एका बाजूला पडतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ५० हा आकडा डोळे मिटून लिहायचा नसतो. एखादी वरची रेघ मोठी करून पाहायची, तिची कंपनसंख्या मोजायची आणि पटीने भागायची. गावात लाइट गेल्यावर जनरेटरवर शूटिंग झालं असेल तर भार बदलेल तशा रेघा वरखाली सरकतात. तेव्हा रेघेचा माग काढत जाणारा फिल्टरच लागतो.

हम निघाला की हिस. इथे पत्ता नसतो, कारण हिस सगळ्या कंपनसंख्यांवर पसरलेला असतो. पण त्याचा स्वभाव ठरलेला असतो. सरासरी काढली तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असतो. १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी मांडलेली स्पेक्ट्रल सबट्रॅक्शनची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. कोणी बोलत नसतानाचा तुकडा घ्यायचा आणि आवाजाचे लहान लहान काप करून प्रत्येक कंपनपट्टीत सरासरी किती सरसर आहे ते मोजायचं. मग बोलण्याच्या प्रत्येक कापातून तेवढी वजा करायची.

तो तुकडा निवडताना घाई झाली की पुढचं सगळं बिघडतं. आजीचं वाक्य संपल्याबरोबर शांतता सुरू झाली असं कानाला वाटतं, पण त्या माजघरात घुमारा दोनेक सेकंद रेंगाळत असतो. त्यातलाच तुकडा घेतला तर यंत्र आजीच्या आवाजाचं शेपूट ‘सरसर’ म्हणून शिकतं आणि पुढे तिच्याच आवाजातून वजा करत बसतं. चित्रीकरणाच्या जागी कोणालाही न बोलू देता अर्धा मिनिट नुसती खोली मुद्रित करून ठेवतात, तिला रूम टोन म्हणतात. त्याचा उपयोग इथे होतो. युनिटला तेव्हा निघायची घाई असते हे खरं, पण हा अर्धा मिनिट सोडू नये.

आता अडचण. सरसर सरासरीने सारखी असली तरी क्षणाक्षणाला वरखाली होते. सरासरी वजा केल्यावर काही क्षणी, काही पट्ट्यांत तिची टोकं शिल्लक राहतात आणि एकटी पडतात. ती पाण्याच्या थेंबांसारखी टिवटिवतात. याला म्युझिकल नॉइज म्हणतात, आणि मूळ सरसरीपेक्षा कान त्याला जास्त अडखळतो. यावरचा उपाय म्हणजे हाव न धरणं. सरसर शून्यावर न नेता ८ ते १० डेसिबलने खाली आणायची. १० डेसिबल म्हणजे तिची ऊर्जा दहावा हिस्सा. राहिलेली सरसर त्या टोकांना झाकून टाकते.

मराठीत तर एवढंही पुरत नाही. ‘क’ आणि ‘ख’, ‘प’ आणि ‘फ’ यांतला फरक म्हणजे व्यंजनानंतर सुटणारा श्वासाचा झोत. हा झोत सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळ टिकतो, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो सरसरीसारखाच असतो, अनेक कंपनसंख्यांवर पसरलेला, ठरावीक स्वर नसलेला. त्यात माइक चार फूट लांब असल्याने झोत सरसरीच्या पातळीला येऊन टेकलेला. यंत्राला दोन्हींत फरक दिसत नाही. पहिल्यांदा जोर वाढवून ऐकलं तेव्हा ‘भाकर खाऊन जाय’चं ‘बाकर काऊन जाय’ झालं होतं. ‘काऊन’ म्हणजे ‘कशाला’ हे अनेकांना ठाऊक आहे. म्हणजे प्रेमाने आग्रह करणारी आजी एकदम नातवाला हटकू लागली. ‘फुफाटा’ तर ‘पुपाटा’. ‘स’ आणि ‘श’ची, किंवा ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतल्या दोन ‘च’ची गतही अशीच होते, कारण त्यांची ओळख वरच्या कंपनसंख्यांच्या खरखरीतच असते. परदेशी सॉफ्टवेअरच्या तयार सेटिंगवर विसंबू नये असं मला वाटतं ते यासाठीच. आपल्या भाषेत श्वासावर अर्थ ठरतो.

दुरुस्ती हाताने करावी लागते. स्पेक्ट्रोग्रामवर ‘ख’, ‘भ’, ‘फ’चे झोत शोधायचे आणि तेवढ्या क्षणांपुरती साफसफाई निम्म्यावर आणायची. त्या क्षणी थोडी सरसर परत येते, पण लगेच येणारा जोरकस स्वर तिला झाकतो. चुकलंय की नाही हे तपासायची कसोटी सोपी आहे. साफ केलेला आवाज ऐकायचा नाही, काढून टाकलेला ऐकायचा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. नसेल तर मूळ आवाजात साफ केलेला उलटा करून मिळवला तरी उरलेला भाग हाती येतो. त्यात नुसती सरसर असेल तर ठीक. शब्द ओळखू यायला लागले की आजीचा आवाज कचऱ्यात चाललाय.

घुमारा सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात अवघड. तो बाहेरून आलेला नसतोच, तो आजीचाच आवाज असतो. भिंतीवरून उशिरा परतलेला. त्याचा नमुना शांततेत सापडत नाही, कारण आजी गप्प झाली की तोही विरतो. यंत्राला फक्त एक धागा मिळतो: तो ठरावीक वेगाने विरतो. आधीच्या क्षणांत जे बोललं गेलं त्यावरून पुढच्या क्षणी किती घुमारा शिल्लक असेल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढा दाबायचा. हे हिस काढल्यावरच का, तर घुमाऱ्याचं शेपूट सरसरीत बुडालेलं असेल तर तो कसा विरतो हेच मोजता येत नाही.

यात किती हाती लागेल हे बव्हंशी खोलीच ठरवते. माजघर ५ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच धरू. घनफळ ६० घनमीटर, भिंती, फरशी आणि छत मिळून पृष्ठभाग ९४ चौरस मीटर. दगड, फरशी, चुन्याचा गिलावा आणि लाकूड मिळून आवाज सरासरी ५ टक्केच शोषतात असं समजू. वॉलेस सबाइन यांच्या सूत्रात हे आकडे घातले की घुमारा ६० डेसिबलने उतरायला सुमारे २ सेकंद लागतात असं उत्तर येतं. अशा खोलीत थेट आवाज आणि घुमारा समसमान होतात ते बोलणाऱ्यापासून जेमतेम एका फुटावर. चार फुटांवर घुमाऱ्याची ऊर्जा थेट आवाजाच्या सुमारे पंधरापट होते. एका दिशेनेच ऐकणारा माइक असला तर हे प्रमाण कमी होतं, पण थेट आवाज वरचढ होत नाही. तिथून कोरडा आवाज परत मिळवणं कोणत्याही सॉफ्टवेअरला जमत नाही.

तेच चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला चार मोठ्या गोधड्या टांगल्या असत्या, साधारण १२ चौरस मीटर, आणि त्यांनी निम्मा आवाज शोषला असता, तर तोच घुमारा एका सेकंदावर आला असता. गोधड्या त्या घरातच असतात. माइक दोन फुटांवर आणला असता तर थेट आवाजाची ऊर्जा आणखी चौपट झाली असती.

आता जे हाती आहे त्यात शेपूट ५-६ डेसिबलने खाली आणलं. त्यापुढे गेलं की शब्दांचे शेवट तुटतात, ‘जाय’मधला ‘य’ गिळला जातो आणि आवाज पेटीतून आल्यासारखा वाटतो. पडद्यावर दगडी भिंती दिसत असताना थोडा घुमारा हवाच, नाहीतर आजी त्या खोलीत बसलेली वाटत नाही.

ही कामं अंतिम मिक्सच्या आधी करावी लागतात याचं कारण कॉम्प्रेसर. मिक्समध्ये तो मोठे आवाज दाबून सगळा संवाद वर उचलतो, आणि शब्दांमधल्या जागाही सोबत उचलल्या जातात. ज्या सरसरीकडे आधी दुर्लक्ष होत होतं ती वाक्य थांबलं की फुगते आणि बोलणं सुरू झालं की दबते. एकदा असं झालं की तिची सरासरी स्थिर राहत नाही, आणि वजाबाकीची पद्धतच लागू पडत नाही. त्यावर संगीत चढलं तर शोधायलाही शांतता उरत नाही.

म्हणून मिक्स करणाऱ्याकडे मी साफ केलेला ट्रॅक देतो, त्याच्या खाली तंतोतंत त्याच लांबीचा मूळ ट्रॅक ठेवतो, आणि त्याच फिल्टरमधून काढलेला रूम टोन वेगळा देतो. वाक्यांमधल्या जागा त्या रूम टोनने भरल्या की शांतता एकदम तुटल्यासारखी वाटत नाही. ‘खाऊन’ या शब्दाच्या वेळी मागे पाखरांचा आवाज किंवा संगीत येणार असेल, तर तेवढ्या शब्दापुरता मूळ ट्रॅक वर आणायचा निर्णय तो घेऊ शकतो. तिथे झोत पूर्ण असतो आणि सरसर संगीताखाली झाकली जाते.