अकाउंटिंग सिस्टीमवर भिस्त ठेवण्याआधी: आयटी जनरल कंट्रोल्स तपासण्याची पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

खरेदीचं बिल, ऑर्डर आणि माल मिळाल्याची नोंद या तिघांचा मेळ सिस्टीम स्वतः घालत असेल आणि मेळ न बसणारं बिल अडवत असेल, तर ऑडिटरला मोठी सोय होते. मेळ बसणारं एक बिल, दरात फरक असलेलं एक आणि संख्येत फरक असलेलं एक, एवढं करून पाहिलं तरी पुरतं. सिस्टीम जानेवारीत जे करते तेच डिसेंबरात करते, त्यामुळे पन्नास बिलं काढून बसावं लागत नाही.

पण ही सोय एका अटीवर आहे. वर्षभरात तो नियम कोणी परस्पर बदलला नाही आणि बदलण्याची चावी भलत्याच्या हाती नव्हती, हे आधी सिद्ध व्हावं लागतं. युजर अॅक्सेस, प्रोग्राममधले बदल आणि बॅकअप यांवरच्या नियंत्रणांची, म्हणजेच आयटी जनरल कंट्रोल्सची, जी तपासणी होते ती यासाठीच.

## कोणती सिस्टीम यात येते

ऑफिसातली प्रत्येक सिस्टीम यात येत नाही. एकच प्रश्न विचारायचा: या सिस्टीमचं एखादं स्वयंचलित नियंत्रण, हिशेब किंवा रिपोर्ट मी ऑडिटमध्ये पुरावा म्हणून वापरणार आहे का? उत्तर हो असेल तर ती सिस्टीम, तिचा डेटाबेस आणि तिला आकडे पुरवणारी दुसरी सिस्टीम यांचा विचार करावा लागतो. हजेरीची सिस्टीम पगाराला तास पुरवत असेल तर तीही आत येते. कँटीनची कूपनं छापणारी येत नाही.

आंतरराष्ट्रीय ऑडिट मानक ३१५ ची २०१९ ची सुधारित आवृत्ती १५ डिसेंबर २०२१ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कालावधींना लागू आहे. तीही याच क्रमाने जायला सांगते: आधी आयटीमुळे कोणती जोखीम येते ते ओळखा, मग त्या जोखमीला उत्तर देणारं नियंत्रण शोधा. छोट्या संस्थेत तयार पॅकेज असेल, सोर्स कोड कोणाच्याच हातात नसेल आणि सगळे आकडे बाहेरच्या कागदांशी हाताने ताडले जात असतील, तर प्रोग्राम बदलांची लांबलचक चाचणी करण्यात अर्थ नाही. चेकलिस्टमध्ये रकाना आहे म्हणून ती केली जाते, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

## कोणती कागदपत्रं मागवायची

एचआरकडून वर्षभरात नोकरी सोडलेल्या, नव्याने आलेल्या आणि विभाग बदललेल्या लोकांच्या याद्या घ्याव्यात, कर्मचारी क्रमांक आणि तारखेसकट. आयटीकडून सर्व युजर आयडींची यादी, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रोजचं काम चालतं त्या खऱ्या सिस्टीममध्ये, गेलेल्या बदलांची यादी, बदलांच्या तिकिटांचं, म्हणजे मागणी आणि मंजुरीच्या नोंदींचं, रजिस्टर आणि बॅकअपचे लॉग मागवावेत. सोबत अॅक्सेस आणि बदलांबाबतचं संस्थेचं लेखी धोरण हवं, कारण आयडी किती दिवसांत बंद व्हायला हवा होता हे त्यावरूनच ठरतं.

यादी हातात येते कशी, याला यादीइतकंच महत्त्व आहे. ईमेलने आलेली एक्सेल फाईल हा कच्चा पुरावा आहे, कारण मधल्या चार ओळी गेल्या असतील तर कळणार नाही. आयटीच्या माणसाशेजारी बसावं, तो यादी काढताना कोणता फिल्टर लावतो ते पाहावं, आणि तारीख, वेळ व ओळींची संख्या दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. फक्त चालू आयडींची यादी मिळाली तर मधल्या काळात बंद झालेले आयडी दिसणारच नाहीत, म्हणून फिल्टरशिवायची यादी मागावी.

## युजर अॅक्सेसची चाचणी

सॅप या अकाउंटिंग सिस्टीममध्ये आयडींची माहिती `USR02` या टेबलात असते. दुसऱ्या सिस्टीममध्ये नावं वेगळी असतील, रकाने साधारण हेच.

```sql
SELECT BNAME, ERDAT, GLTGB, UFLAG, TRDAT
FROM USR02;
```

यात आयडी, तो तयार झाल्याची तारीख, वैधतेची शेवटची तारीख, लॉकची स्थिती आणि शेवटच्या लॉगिनची तारीख मिळते. `UFLAG` मध्ये नवखे लोक फसतात. तिथे ६४ असेल तर अॅडमिनने आयडी लॉक केलेला असतो. १२८ असेल तर कोणीतरी चुकीचा पासवर्ड वारंवार टाकल्यामुळे तो लॉक झालेला असतो, म्हणजे आयडी बंद करायचा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो. दोन्ही ओळी ‘लॉक’ म्हणून धरल्या की चाचणी खोटी पास होते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्ष २०२४, जानेवारी ते डिसेंबर. एचआरच्या यादीत नोकरी सोडलेले ३८ जण आहेत आणि त्या सर्वांना सिस्टीमचा आयडी होता. धोरणानुसार शेवटच्या दिवसापासून तीन दिवसांत आयडी बंद व्हायला हवा. कर्मचारी क्रमांकावरून दोन्ही याद्या जुळवल्या (नावावरून जुळवू नयेत, स्पेलिंग दगा देतं). ३६ आयडी वेळेत बंद झाले होते, दोन राहिले होते.

पहिला माणूस जूनमध्ये गेला. त्याचा आयडी वर्षअखेरीसही चालू होता, पण शेवटचं लॉगिन मे महिन्यातलं. दुसरा `U0417`. हा ३१ ऑगस्टला गेला, आयडी १२ नोव्हेंबरला बंद झाला, म्हणजे ७३ दिवसांनी. शेवटच्या लॉगिनची तारीख १९ सप्टेंबर.

नियंत्रणाच्या हिशेबाने दोन्ही चुका सारख्याच, परिणामाच्या हिशेबाने नाहीत. पहिल्या ठिकाणी दार उघडं राहिलं, दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी आत आलं. तेव्हा आत काय केलं ते हिशेबाच्या नोंदींच्या `BKPF` टेबलात शोधायचं:

```sql
SELECT BUKRS, BELNR, BUDAT, CPUDT
FROM BKPF
WHERE USNAM = 'U0417'
  AND CPUDT > '20240831';
```

इथे `CPUDT` म्हणजे नोंद प्रत्यक्ष टाकली ती तारीख आणि `BUDAT` म्हणजे हिशेबात धरलेली तारीख. `BUDAT` लावून शोधलं असतं तर काहीच सापडलं नसतं, कारण सप्टेंबरात टाकलेल्या चारही नोंदींना ऑगस्टची तारीख दिलेली होती. चौकशीत कळलं की महिनाअखेर पुरी करायला शेजारच्या सहकाऱ्याने त्याचा पासवर्ड वापरला. हा खुलासा खरा असू शकतो, पण तो पुरावा नाही. चारही नोंदींचे मूळ कागद पाहावे लागतात, आणि पासवर्ड एकमेकांना सांगितले जातात ही वेगळी त्रुटी म्हणून लिहावी लागते.

ताळा उलट्या बाजूनेही घ्यावा. चालू आयडींपैकी एचआरच्या कुठल्याच यादीत नसलेले आयडी कोणाचे? बाहेरच्या एजन्सीचे लोक आणि `ADMIN` सारखे सामायिक आयडी इथेच सापडतात. विभाग बदललेल्यांकडेही बघावं. खरेदीतून पेमेंटला गेलेल्या माणसाला नवा अधिकार लगेच मिळतो, जुना काढायचं मात्र राहून जातं, आणि मग पुरवठादार उघडणारा आणि त्याला पैसे सोडणारा एकच होतो.

## बदलांची चाचणी

इथे दिशेला महत्त्व आहे. तिकिटांच्या रजिस्टरमधून नमुने उचलले तर प्रत्येकाला मंजुरी सापडणारच, कारण मंजुरीशिवाय केलेला बदल रजिस्टरमध्ये येतच नाही. म्हणून यादी प्रॉडक्शनमधून काढायची आणि तिथून तिकिटाकडे जायचं. सॅपमध्ये `STMS` या स्क्रीनवरची इम्पोर्ट हिस्टरी, म्हणजे प्रॉडक्शनमध्ये आलेल्या बदलांची नोंद, त्यासाठी उपयोगी पडते. प्रॉडक्शनमध्ये थेट बदल करायला परवानगी होती का, हे `SCC4` मध्ये दिसतं. ती सेटिंग शेवटची कोणी आणि कधी बदलली, तेही तिथेच कळतं.

आपल्या उदाहरणात प्रॉडक्शनमध्ये ६१ बदल गेले आणि तिकिटं सापडली ५८. तिकीट असलेल्यांमधून नमुने घेऊन मागणी, चाचणी, मंजुरी आणि बदल लिहिणारा व प्रॉडक्शनमध्ये टाकणारा वेगळा होता का, हे तपासायचं. नमुने किती घ्यायचे याचा आकडा मानकात दिलेला नाही. वारंवार होणाऱ्या नियंत्रणासाठी २५ घेण्याची पद्धत अनेक फर्ममध्ये आहे.

बिनतिकिटाच्या तिघांत नमुना नाही, तिन्ही पाहायचे. एक निघाला छपाईच्या मांडणीचा. उरलेले दोन ही एक जोडी होती. ४ मार्चला बिल आणि ऑर्डर यांच्या दरातल्या फरकाची मुभा २ टक्क्यांवरून १० टक्के केली गेली आणि २१ मार्चला पुन्हा २ टक्क्यांवर आणली. डिसेंबरात बसून सुरुवातीला सांगितलेली ती तीन बिलं टाकून पाहिली असती, तर सिस्टीमने २ टक्क्यांवर अडवून दाखवलं असतं आणि आपण पूर्ण वर्षावर टिक मारली असती.

## बॅकअप

यात फार वेळ घालवू नये. बॅकअप नसला म्हणून खात्यातला आकडा चुकत नाही. धोका आहे तो डेटा परत आणताना काही नोंदी गळण्याचा. लॉगमध्ये फेल झालेल्या रात्री शोधाव्यात, बॅकअप पुन्हा घेतला का ते पाहावं, आणि वर्षात एकदा तरी डेटा प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहिला का ते विचारावं. रिस्टोअर केलेल्या डेटातली ट्रायल बॅलन्स त्या दिवशीच्या मूळ ट्रायल बॅलन्सशी जुळवलेली असेल तर उत्तम. ‘रिस्टोअर सक्सेसफुल’ असा नुसता ईमेल असेल, तर फाईल उघडली एवढंच त्यातून कळतं.

## सिस्टीम क्लाऊडवर असेल तर

सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत आपण पोहोचत नाही. तिच्या नियंत्रणांवरचा स्वतंत्र ऑडिटरचा रिपोर्ट, म्हणजे एसओसी १ टाइप २, मागावा. टाइप १ मध्ये नियंत्रणांची रचना एका तारखेला कशी होती एवढंच असतं, ती कालावधीभर चालली का हे टाइप २ सांगतो. रिपोर्टच्या आत ग्राहकाने स्वतः करायच्या नियंत्रणांची यादी असते. आयडी बंद करणं बहुतेक वेळा त्यातच येतं, म्हणजे वरची चाचणी टळत नाही.

## किती वेळा, आणि त्रुटी निघाली तर

मानक ३३० नुसार बदल न झालेल्या नियंत्रणाची चाचणी निदान दर तिसऱ्या ऑडिटमध्ये व्हावी लागते, आणि लक्षणीय जोखमीवरचं नियंत्रण असेल तर त्याच वर्षी. चाचणी सप्टेंबरात आटोपली असेल तर उरलेल्या महिन्यांच्या याद्या पुन्हा काढाव्यात.

त्रुटी निघाल्यावर नमुना वाढवून ती पातळ करायचा मोह होतो. तसं करू नये. त्या पोकळीतून काय गेलं असेल ते मोजावं. उदाहरणात ४ ते २१ मार्चदरम्यान २१४ बिलं पास झाली. त्यातली ९ बिलं २ टक्क्यांपेक्षा जास्त फरकाची होती. सातांना पुरवठादाराशी झालेल्या दरवाढीचं पत्र सापडलं. दोन बिलांना काहीच आधार मिळाला नाही. त्यांची जादा रक्कम चुकांच्या तक्त्यात गेली, आणि त्या १७ दिवसांपुरती मेळ घालणाऱ्या नियंत्रणावरची भिस्त सोडून दिली. वर्षाच्या बाकीच्या दिवसांसाठी ती ठेवता आली, कारण ६१ च्या यादीत या मुभेला हात लावणारा तिसरा बदल नव्हता आणि `SCC4` मधली थेट बदलाची परवानगी वर्षभर बंद होती.

व्यवस्थापनाला पाठवायच्या पत्रात मार्चमधली बदलाची जोडी आणि `U0417` हे दोन वेगळे मुद्दे लिहावेत. दोन्हींचं मूळ आयटीत आहे म्हणून ते एका परिच्छेदात कोंबले, तर उत्तरही एकच येतं: ‘यापुढे काळजी घेऊ.’