कोपऱ्यात कापलेली सळई

कोल्हापूरजवळच्या पाचगावात ओळखीच्या एकाचं दोन खोल्यांचं घर चाललंय. भिंती नऊ इंची विटेच्या, वर स्लॅब. लिंटेलच्या, म्हणजे दारा-खिडक्यांच्या डोक्यावरच्या पातळीवर, भूकंपासाठी चारही बाजूंनी सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा टाकायचा ठरला होता आणि सळया अंथरूनही झाल्या होत्या. पण प्रत्येक कोपऱ्यात त्या कापलेल्या. गवंडीमामा म्हणाले, "वाकवत बसलं की लई वेळ जातोय. कापून सोडली तरी चालतंय."

चालत नाही, आणि कारण साधं आहे. भूकंपात जमीन हलली की भिंतीला तिच्या लांबीच्या दिशेने हलणं जड जात नाही; आडवा धक्का मात्र तिला पुठ्ठ्यासारखा ढकलतो. पट्टा ही त्या भिंतीवर आडवी ठेवलेली तुळई. तो धक्का कोपऱ्यापर्यंत नेतो आणि शेजारच्या, त्या दिशेला ताठ असणाऱ्या भिंतीवर सोपवतो. कोपऱ्यात लोखंड तुटलं, तर सोपवणार कसं? मग कोपरा उभा चिरतो, भिंत बाहेर पडते.

पट्ट्यात सळया दोन, एक आत आणि एक बाहेर, कारण भिंत दोन्हीकडे वाकते. भिंत मधोमध बाहेर फुगली की तिथे बाहेरची सळई ताणली जाते, पण कोपऱ्याशी आतली. म्हणून आतली सळई आतल्या कोपऱ्यातच वळवायची नसते. ताण आला की ती सरळ व्हायला बघते आणि काँक्रीटचा कोपरा उडवते. ती बाहेरच्या कडेपर्यंत सरळ न्यायची, तिथे वळवायची आणि पुढच्या भिंतीत अर्धा मीटर घालायची.

खर्च म्हणाल तर दहा बाय बाराच्या दोन खोल्यांना मधल्या भिंतीसकट साधारण 81 फूट पट्टा लागतो. 75 मिमी जाड पट्टा, 8 मिमीच्या दोन सळया, दर 150 मिमीवर 6 मिमीची रिंग: लोखंड तीसेक किलो, सिमेंट साडेतीन गोणी.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. खिडकीखालचा, म्हणजे सिलचा पट्टा त्यांना खाली पसरू देत नाही. दोन खिडक्यांमधला भिंतीचा तुकडा मात्र डोलतो, खालून उचलला जातो. तो धरायला कोपऱ्यात आणि दारा-खिडक्यांच्या बाजूंना पायापासून स्लॅबपर्यंत उभी सळई लागते, 10 किंवा 12 मिमीची. विटांचे थर चढतील तसतसं तिच्याभोवती काँक्रीट भरायचं. भिंत झाल्यावर वरून ओतलं की खाली पोकळी राहते. स्लॅब नसून पत्रा किंवा कौलं असतील, तर छपराच्या पातळीवर आणखी एक पट्टा हवा. आणि विटांमधला मसाला भुसभुशीत असेल तर यातलं काहीच पुरत नाही.

11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा धक्का कोल्हापूरलाही जाणवला होता, हे ऐकून मामा जरा थांबले. मग 8 मिमीच्या सळईचे, दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या, असे काटकोनी तुकडे वाकवले, प्रत्येक कोपऱ्यात दोन, आणि तारेने बांधले. दुपार गेली. काँक्रीट दुसऱ्या दिवशी ओतलं.