शेकडा दोन रुपये : मासिक व्याजदराचे वार्षिक टक्केवारीत रूपांतर

खाजगी उसनवारीत आणि सावकारीत व्याजाचा दर महिन्याचा बोलला जातो. ‘दोन रुपयांनी पैसे काढले’, ‘शेकडा तीनने दिले’, ‘पाच टक्क्यांनी घेतले’ या सगळ्यांत शंभर रुपयांवर दर महिन्याला किती व्याज द्यायचे, तेवढेच सांगितलेले असते. महिना हा शब्द कोणी उच्चारत नाही, तो गृहीत धरलेला असतो. बँक किंवा पतसंस्था मात्र दर सांगते तो वर्षाचा. म्हणून सावकाराचे ‘दोन टक्के’ आणि बँकेचे ‘बारा टक्के’ शेजारी ठेवले की सावकार स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात त्याचा दर बँकेच्या दुप्पट असतो.

मूळ रूपांतर सोपे आहे : महिन्याच्या दराला बाराने गुणायचे. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, शेकडा तीन म्हणजे ३६, शेकडा पाच म्हणजे ६०. उलट जायचे तर बाराने भागायचे. वर्षाला १२ टक्के म्हणजे शेकडा एक रुपया, ९ टक्के म्हणजे शेकडा पाऊण रुपया. ही बोलण्याची रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) पंचराशिकाचे, म्हणजे पाच संख्यांवरून सहावी काढण्याचे, एक उदाहरण असे आहे की, शंभरावर महिन्याला पाच व्याज असेल तर सोळांवर वर्षाला किती? उत्तर येते ९ पूर्णांक ३ पंचमांश. तिथेही दर महिन्याचा आणि शंभराचा आहे, आणि वर्षाचा हिशेब बाराने गुणूनच निघतो.

पण बाराने गुणून आलेला आकडा खरा ठरण्यासाठी दोन गोष्टी लागतात. घेतलेले सगळे मुद्दल शेवटपर्यंत कर्जदाराच्या हातात राहिले पाहिजे, आणि व्याज महिना संपल्यावर द्यायचे असले पाहिजे. साठ हजार रुपये शेकडा दोनने घेतले, दर महिन्याला १,२०० रुपये व्याज नेऊन दिले आणि वर्षअखेर साठ हजार परत केले, तर २४ टक्के हा दर बरोबर आहे. व्यवहार यापेक्षा जरा जरी वेगळा झाला की बोलीतला दर तोच राहतो आणि खरा दर वर सरकतो.

पहिला फरक व्याज आधी कापण्याचा. सहा महिन्यांचा वायदा आहे, चिठ्ठीवर साठ हजार लिहिले आहेत, पण सहा महिन्यांचे व्याज, म्हणजे ७,२०० रुपये, सावकाराने देतानाच काढून घेतले. हातात आले ५२,८००. व्याज या ५२,८०० वरच मोजले पाहिजे, कारण वापरायला तेवढेच मिळाले. ७,२०० भागिले ५२,८०० केले की सहा महिन्यांना १३.६४ टक्के येतात, म्हणजे महिन्याला सुमारे सव्वादोन रुपये आणि वर्षाला २७ टक्क्यांहून थोडे अधिक. चिठ्ठीवरचा आकडा आणि हातात मोजून घेतलेले पैसे वेगळे असले की हा प्रकार झाला, हे ओळखता येते.

दुसरा फरक हप्त्यांचा, आणि सर्वांत मोठी फसगत इथेच होते. साठ हजार रुपये, शेकडा दोन, वर्षभरात बारा हप्ते. सावकार हिशेब असा मांडतो : वर्षाचे व्याज १४,४००, मुद्दलात मिळवले की ७४,४००, भागिले बारा, हप्ता ६,२००. आकडा पूर्ण येतो, वहीत नीट बसतो, घेणाऱ्यालाही पटतो. पण त्या ६,२०० मध्ये ५,००० मुद्दल आणि १,२०० व्याज आहे, आणि मुद्दल दर महिन्याला फिटत चालले असूनही व्याज साठ हजारांवरच लागते आहे. शेवटच्या महिन्यात सावकाराचे फक्त ५,००० रुपये बाकी असतात. त्यांच्यावरही १,२०० व्याज द्यावे लागते, म्हणजे त्या एका महिन्यापुरता दर शेकडा चोवीस रुपये झाला.

वर्षाचा खरा दर अंदाजाने असा काढता येतो. बाकी मुद्दल ६०,००० पासून ५,००० पर्यंत उतरत गेले, तर त्याची सरासरी ३२,५०० येते. कर्जदाराने वर्षभर सरासरी एवढेच पैसे वापरले आणि त्यांच्यावर १४,४०० व्याज भरले, म्हणजे सुमारे ४४ टक्के. हा अंदाज किंचित चढा आहे. घटत्या शिलकीवर काटेकोर मोजले तर महिन्याला शेकडा ३.४७ रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४१.७ टक्के येतात. मोबाइलवरच्या किंवा संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत निघते :

```
=RATE(12,-6200,60000)*12
```

यात १२ हा हप्त्यांचा आकडा, ६२०० हा हप्ता आणि ६०००० ही प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम आहे. काही कापून दिले असेल तर ६०००० च्या जागी कापून उरलेली रक्कम घालावी. चिठ्ठीवरची घातली तर उत्तर कमी येते. उत्तर ०.४१७ असे दिसले, तर ते शंभराने गुणायचे.

तिसरा फरक ‘नवे-जुने’ करण्याचा. वर्षअखेर व्याज देता आले नाही की जुनी चिठ्ठी फाडून व्याजासह नवी लिहितात. साठ हजारांची चिठ्ठी ७४,४०० ची होते, पुढच्या वर्षी ९२,२५६ ची, आणि तिसरे वर्ष भरताना देणे १,१४,३९७ वर पोचते. सरळ व्याजाने तेच १,०३,२०० झाले असते. न दिलेले व्याज दर महिन्यालाच मुद्दलात मिळवले, तर शेकडा दोनचा वार्षिक दर २६.८ टक्के पडतो. अशा चक्रवाढीने पैसे ३५ महिन्यांत दुप्पट होतात, तर सरळ व्याजाने व्याज मुद्दलाइतके व्हायला ५० महिने लागतात. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुपटीचा जुना दंडक नव्या चिठ्ठीमुळे नजरेआड होतो, कारण नव्या चिठ्ठीवर जुने व्याजच मुद्दल म्हणून लिहिलेले असते. मूळ कोणत्या तारखेला किती रोख मिळाले याची स्वतःची नोंद कर्जदाराकडे असेल, तरच हा हिशेब मागे नेता येतो.

लागलेला महिना पूर्ण धरण्याची चाल किरकोळ वाटते, पण थोड्या दिवसांच्या उसनवारीत ती जड जाते. पस्तीस दिवसांनी पैसे परत केले आणि दोन महिन्यांचे व्याज द्यावे लागले, तर शंभराला चार रुपये पस्तीस दिवसांत गेले. वर्षाच्या मापाने हा दर जवळजवळ ४२ टक्के आहे.

महाराष्ट्रात वार्षिक दर काढण्याला कायद्याच्या दृष्टीनेही अर्थ आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ या कायद्याखाली त्याच वर्षी परवानाधारक सावकारांसाठी कमाल दर ठरवले गेले, ते सगळे वर्षाचे आहेत : शेतकऱ्याला तारणावर ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८. सावकाराच्या भाषेत हेच दर अनुक्रमे पाऊण रुपया, एक रुपया, सव्वा रुपया आणि दीड रुपया शेकडा होतात. शेकडा दोन यातल्या प्रत्येक मर्यादेबाहेर आहे, आणि तारण ठेवणाऱ्या शेतकऱ्याकडून तो घेतला तर परवानगीच्या अडीचपटीहून जास्त होतो. योगायोग असा की पण या जुन्या नाण्याच्या हिशेबात शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण, म्हणजे वर्षाला १५ टक्के, हाच दर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धर्म्य, म्हणजे न्याय्य, म्हणून सांगितला आहे.