बुश महाग, स्पिंडल स्वस्त

रबाळे एमआयडीसीतल्या एका सीएनसी टर्निंग कारखान्याच्या मालकांनी मला कॉस्टिंग तपासायला बोलावलं, तेव्हा त्यांची तक्रार अगदी सरळ होती. "साहेब, पितळी बुश आम्ही वर्षानुवर्षं करतोय, डोळे मिटून करतो. तरी त्याचं कोटेशन हातचं जातं. आणि ज्या स्पिंडलसाठी आमची माणसं रात्री उशिरापर्यंत थांबतात, त्याच्या ऑर्डरी मात्र मागायच्या आधी येतात."

कॉस्टिंग करणाऱ्याने इथेच कान टवकारायला हवेत. सोपं आणि मोठ्या लॉटचं काम हातचं जातंय, किचकट आणि थोड्या नगांचं काम आपणहून चालत येतंय, गिऱ्हाईक त्यात घासाघीससुद्धा करत नाही, असं दिसलं की बाजार बिघडलाय म्हणण्याआधी आपली किंमत काढण्याची रीत तपासावी.

त्यांची रीत बहुतेक छोट्या कारखान्यांत असते तीच होती. माल आणि मजुरी थेट त्या त्या जॉबवर लावायची. उरलेला वरखर्च, म्हणजे वीज, टूल, मशीनचा घसारा, सेटरचे पगार, तपासणी, हा सगळा एकत्र करायचा आणि कामगारांच्या तासांवर वाटायचा. सोयीसाठी आकडे गोल करून सांगतो. गाळ्याचं भाडं बाजूला ठेवून वरखर्च महिन्याला 6 लाख रुपये होता आणि कामाचे तास 1,500. म्हणजे तासाला 400 रुपये. बुशला 6 मिनिटं लागतात, म्हणून त्याच्यावर 40 रुपये वरखर्च. स्पिंडलला अर्धा तास लागतो, म्हणून त्याच्यावर 200. माल आणि मजुरी मिळून बुशचे 55 आणि स्पिंडलचे 400 रुपये होत. तेव्हा खर्च झाला बुशचा 95 आणि स्पिंडलचा 600. त्यावर 15 टक्के चढवून बुश 109 रुपयांना आणि स्पिंडल 690 रुपयांना जात होता.

हिशोबात बेरजेची चूक एकही नव्हती. चूक होती ती एका गृहीतात: कामगाराचा हात जितका वेळ जॉबवर, तितका वरखर्च त्या जॉबचा. हाताच्या लेथवर एका मशीनपाशी एक माणूस दिवसभर उभा असे, तेव्हा हे बऱ्यापैकी खरं होतं. मजुरी हाच मोठा खर्च होता आणि वरखर्च त्याच्यामागे शेपटीसारखा यायचा. सीएनसीवर एकच ऑपरेटर दोन-तीन मशीन सांभाळतो. पैसा जातो तो मशीन, प्रोग्रॅम, सेटिंग आणि तपासणीवर, आणि यातलं बरंचसं नगांच्या संख्येवर ठरतच नाही. सेटिंगचंच बघा. जॉ बदलायचे, टूल लावायचे, ऑफसेट घ्यायचे, पहिला पीस काढून मोजायचा, बिघडला तर दुसरा काढायचा. त्यानंतर त्या सेटिंगवर 20 नग निघोत की 2,400, सेटिंगचा खर्च तोच.

म्हणून मी दोन दिवस ऑफिसात न बसता शॉप फ्लोअरवर बसलो. सेटरला, क्वालिटीवाल्या मुलाला एकच प्रश्न विचारत होतो: महिनाभर तुमचा वेळ नेमका कशात जातो? ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगचा गाभा हाच आहे. खर्च आधी कामांवर लावायचा, मग कुठल्या जॉबने कुठलं काम किती वेळा करायला लावलं ते मोजायचं.

6 लाखांची फोड अशी निघाली. मशीन चालवण्याचे 2,40,000, सेटिंगचे 2,10,000, तपासणीचे 1,50,000. महिन्याला 12,000 बुश निघत, तेही फक्त 5 सेटिंगमध्ये. स्पिंडल निघत जेमतेम 600, पण वीस-वीसच्या लॉटने, म्हणजे 30 सेटिंग. एकूण 35 सेटिंग, दर सेटिंगला 6,000 रुपये. तपासणीचे 300 तास, तासाला 500 रुपये. बुश नमुन्याने तपासत, त्याला 60 तास पुरत. स्पिंडलचा मात्र प्रत्येक नग मोजावा लागे, त्यात 240 तास जात. मशीनचे तास 1,000, तासाला 240 रुपये. त्यातले 750 बुशचे, 250 स्पिंडलचे.

आता बेरीज करा. बुशच्या वाट्याला मशीनचे 1,80,000, सेटिंगचे 30,000 आणि तपासणीचे 30,000 आले, म्हणजे 2,40,000. नगामागे 20 रुपये. स्पिंडलच्या वाट्याला 60,000, 1,80,000 आणि 1,20,000, म्हणजे 3,60,000. नगामागे 600 रुपये! बुशचा खरा खर्च 75 रुपये आणि स्पिंडलचा 1,000. ज्या स्पिंडलवर मालक 90 रुपये नफा धरत होते, त्यावर नगामागे 310 रुपये तोटा होता. महिन्याचा एकूण नफा दोन्ही हिशोबांनी 2,22,000 रुपयेच येतो, म्हणून ताळेबंदात हे कधी दिसलं नसतं. बुश कमावत होता आणि स्पिंडल ते खात होता.

कागद बघून मालक बराच वेळ गप्प होते. शेजारचा कारखाना तोच बुश 88 रुपयांना देत होता आणि तो घाट्यात धंदा करतोय, अशी त्यांची खात्री होती. 75 रुपये खर्चावर 88 हा चांगला भाव आहे.

अमेरिकेत ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीच्या सुटे भाग करणाऱ्या विभागाला 1980 च्या दशकात हाच अनुभव आला. बाहेरच्या पुरवठादारांशी स्पर्धा करताना मोठ्या संख्येचे भाग हातचे जात आणि थोड्या संख्येचे मिळत. तिथेही वरखर्च मजुरीवर वाटला जात होता. हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी अशाच कारखान्यांच्या अभ्यासातून ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगची पद्धत मांडली.

चुकीच्या हिशोबावर विसंबून बुश बंद केला असता तर? कामाचे 1,200 तास गेले असते, पण सेटर, तपासनीस, मशीनचे हप्ते जागेवरच राहिले असते. समजा 6 लाखांतले 1,20,000 वाचले. उरलेले 4,80,000 आता फक्त 300 तासांवर पडणार. तासाला 400 ऐवजी 1,600 रुपये. मग स्पिंडलही महाग दिसू लागतो, तोही सुटतो. चांगले चाललेले कारखाने असे एकेक जॉब सोडत आकसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

स्पिंडलचं पुढे काय? भाव एकदम 690 वरून 1,150 करा, असं मी सांगितलं नाही. वीसच्या लॉटमध्ये सेटिंगचा बोजा नगामागे 300 रुपये पडतो, साठच्या लॉटमध्ये 100. म्हणून कोटेशनवर एका भावाऐवजी लॉटप्रमाणे भाव लिहायला लावले. मग गिऱ्हाईकालाच ठरवू दे, दर दिवशी वीस हवेत की तीन दिवसांनी साठ.

या पद्धतीची एक मर्यादा मी मालकांना मुद्दाम दाखवली. महिन्याची 30 सेटिंग 10 वर आली, तर 20 गुणिले 6,000 म्हणजे 1,20,000 रुपये लगेच गल्ल्यात येत नाहीत. सेटरचा पगार चालूच असतो. त्याचा फक्त वेळ मोकळा होतो, आणि त्या वेळात बुशच्या नव्या ऑर्डरी बसवल्या तरच ते पैसे खरे होतात. कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी 2004 मध्ये सुचवलेली सुधारणा इथे उपयोगी पडते: खर्चाला प्रत्यक्ष झालेल्या सेटिंगनी न भागता, करता येण्याजोग्या सेटिंगनी भागायचं. इथे ती 42 निघाली. म्हणजे दर 5,000 रुपये, आणि न वापरलेल्या 7 सेटिंगचे 35,000 रुपये कुठल्याच जॉबवर न टाकता वेगळे लिहायचे. ती ओळ आता त्यांच्या महिन्याच्या कागदावर सगळ्यात वर असते.